एचआरच्या मुलाखतीत काय विचारतात? एका कामगाराच्या जॉइनिंगपासून राजीनाम्यापर्यंत

बीकॉम, बीबीए, एमएसडब्ल्यू किंवा एमबीए झालेली आपल्या घरांतली बरीच मुलं-मुली हल्ली ‘एचआर एक्झिक्युटिव्ह’च्या जागेसाठी अर्ज करतात. गोदामं, छोटे कारखाने, हॉस्पिटल, शाळा, आयटी कंपन्या, सगळीकडे ही जागा असते. मुलाखतीला जाताना मात्र बहुतेकांची तयारी ‘स्वतःबद्दल सांगा’ आणि ‘पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता’ या दोन प्रश्नांपुरतीच असते. ते प्रश्न दहा मिनिटांत संपतात. त्यानंतर समोरचा माणूस कामाचं विचारायला लागतो आणि तिथेच उमेदवार अडखळतो.

कामाचे प्रश्न साधारण चार बाजूंनी येतात. कामगार कायद्याचं मूलभूत ज्ञान, कर्मचाऱ्याची तक्रार आली तर काय करणार, नवीन माणसाला रुजू कसं करून घेणार, आणि नोकरी सोडून जाणाऱ्याशी काय बोलणार. हे चार वेगळे धडे आहेत असं समजून पाठ केलं तर गोंधळ होतो. प्रत्यक्षात एकच कामगार या चारही टप्प्यांतून जातो, आणि पहिल्या टप्प्यावर राहिलेली चूक शेवटच्या टप्प्यावर पैशाच्या रूपात परत येते. म्हणून आम्ही इथे एकच उदाहरण घेतो आणि मुलाखतीतले प्रश्न त्याच्यावरच लावून बघतो.

उदाहरण

समजा, भिवंडीच्या बाजूला एक गोदाम आहे. ६० माणसं कामाला आहेत. पॅकिंग विभागात एक मुलगी कायम नोकरीवर लागते. आठ तासांची पाळी, आठवड्यातले सहा दिवस. पगार एकूण १९,००० रुपये. त्यात मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १४,५६० रुपये, बाकीचे ४,४४० रुपये घरभाडे आणि प्रवासभत्ता. दोन वर्षं तीन महिने काम करून ती राजीनामा देते. मधल्या काळात दिवाळीच्या गर्दीत तिने जास्तीचं काम केलं आणि त्याचे पैसे मिळाले नाहीत, अशी तिची तक्रार आहे.

मुलाखतीत असंच काहीतरी सांगून विचारतात, ‘तुम्ही एचआरमध्ये आहात. काय कराल?’

कायदा किती माहीत हवा?

कलमांचे आकडे कोणी विचारत नाही. विचारलेच तर ‘बघून सांगतो’ म्हटलेलं चालतं. पण कायद्याची आजची चौकट माहीत नसेल तर चालत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या आहेत. वेतन संहिता, औद्योगिक संबंध संहिता, सामाजिक सुरक्षा संहिता, आणि कामाच्या ठिकाणची सुरक्षा व आरोग्य यांची संहिता. जुने २९ केंद्रीय कायदे या चारांत आले. बाजारात मिळणाऱ्या प्रश्नोत्तरांच्या पुस्तकांत अजून जुन्या कायद्यांचीच नावं असतात. ती पाठ करून गेलात तर पहिल्याच प्रश्नाला कळतं की तयारी जुन्या पुस्तकातून झाली आहे. त्याच वेळी हेही लक्षात ठेवायचं की दुकाने व आस्थापनांचा राज्याचा कायदा वेगळा आहे, आणि कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदाही या चार संहितांत गेलेला नाही. तो स्वतंत्रपणे चालू आहे.

आमच्या उदाहरणातल्या पगाराकडे बघून पहिला प्रश्न हा असायला हवा: ही रक्कम किमान वेतनाच्या वर आहे का? महाराष्ट्रात किमान वेतनातला विशेष भत्ता जानेवारी आणि जुलैमध्ये बदलतो. म्हणजे गेल्या वर्षी बरोबर असलेला पगार यंदा कमी पडू शकतो. एचआरच्या माणसाने वर्षातून दोनदा ही यादी काढून ताडून पाहायची असते.

दुसरा प्रश्न पगाराच्या तुकड्यांचा. नव्या व्याख्येनुसार घरभाडे, प्रवासभत्ता यांसारखे भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले, तर वरचा भाग परत ‘वेतना’त धरला जातो. मुलाखतीत हे गणित हमखास घालतात. एकूण ३०,००० रुपये, त्यात मूळ पगार १०,००० आणि भत्ते २०,००० असतील, तर निम्मे म्हणजे १५,०००. भत्ते त्याहून ५,००० ने जास्त आहेत, म्हणून वेतन १०,००० नाही, १५,००० धरायचं. पीएफचे १२ टक्के १,२०० नव्हे, तर १,८०० रुपये होतात. आपल्या उदाहरणात भत्ते ४,४४० च आहेत, निम्म्यापेक्षा खूप कमी. म्हणून वेतन १४,५६० हेच राहतं आणि पीएफ १,७४७ रुपये कापला जातो. तेवढीच रक्कम कंपनीही आपल्या बाजूने भरते.

आणखी दोन गोष्टी या स्लिपवर बघायच्या. पगार २१,००० च्या आत आहे, म्हणून ईएसआयसी लागू. त्यात कामगाराचा वाटा ०.७५ टक्के आणि मालकाचा ३.२५ टक्के. आणि महाराष्ट्रात महिलेचा महिन्याचा पगार २५,००० पर्यंत असेल तर प्रोफेशनल टॅक्स कापायचा नसतो. पुरुष कामगाराची स्लिप कॉपी करून महिलेची बनवली, तर २०० रुपये दर महिन्याला चुकीचे कापले जातात. वर्षानुवर्षं कोणाच्या लक्षात येत नाही. मुलाखतीत तुम्हाला नमुन्याची स्लिप हातात दिली तर ही चूक शोधायलाच दिलेली असू शकते.

रुजू करून घेताना

‘ऑनबोर्डिंगमध्ये काय कराल?’ या प्रश्नाला बरेच जण म्हणतात, स्वागत करू, ऑफिस दाखवू, ओळख करून देऊ. हे सगळं ठीक आहे, पण ते शेवटी सांगायचं. आधी कागद.

नेमणूकपत्र प्रत्येकाला द्यायचं, हे आता कायद्याने बंधनकारक आहे. पॅकिंगची मुलगी असो की मॅनेजर. त्यात पद, पगाराचे तुकडे, कामाचे तास, नोटिशीचा कालावधी आणि नोकरी कायम आहे की ठरावीक मुदतीची, हे स्पष्ट हवं. शेवटची गोष्ट फार महत्त्वाची. कायम माणसाला ग्रॅच्युइटी साधारणपणे पाच वर्षं पूर्ण झाल्यावर मिळते. पण ठरावीक मुदतीच्या करारावरचा कामगार मुदत संपून बाहेर पडला, तर एका वर्षाच्या सेवेवरही तिचा हक्क होतो. आपल्या उदाहरणातली मुलगी दोन वर्षांच्या करारावर असती आणि करार पूर्ण झाला असता, तर हिशेब असा झाला असता: १४,५६० भागिले २६ म्हणजे दिवसाला ५६० रुपये. वर्षाला १५ दिवस, म्हणजे ८,४००. दोन वर्षांचे १६,८००. ती कायम नोकरीत असून सव्वादोन वर्षांत राजीनामा देते, म्हणून तिला ग्रॅच्युइटी नाही. पत्रातल्या एका शब्दावर हे पैसे अवलंबून असतात. म्हणून हा शब्द पहिल्या दिवशीच तिला वाचून दाखवायचा.

मग नावं. आपल्या लोकांना हा त्रास जास्त होतो, हे घरोघरी माहीत आहे. शेख हे आडनाव आधारवर एका स्पेलिंगने, पॅनवर दुसऱ्या. मोहम्मद कुठे पूर्ण, कुठे नुसतं ‘मो.’. मुलीच्या नावापुढे शाळेच्या दाखल्यावर ‘बानो’ आहे, बँकेत नाही. लग्नानंतर आडनाव एका कागदावर बदललं, बाकीच्यांवर जुनंच. रुजू होताना कोणी याकडे बघत नाही. पीएफ खात्याची केवायसी अडते, आणि कळतं कधी, तर दोन-तीन वर्षांनी पैसे काढायला गेल्यावर. मग दुरुस्तीचा अर्ज भरायचा, आणि तोपर्यंत तो माणूस नोकरी सोडून गेलेला असतो. म्हणून आधार, पॅन, बँक पासबुक आणि आधीचा यूएएन असेल तर तो, हे चारही शेजारी ठेवून नाव आणि जन्मतारीख अक्षर न् अक्षर जुळवायची. जुळत नसेल तर पहिल्याच आठवड्यात दुरुस्तीला लावायची. मुलाखतीत हे एवढं जरी नीट सांगितलंत, तरी समोरच्याला कळतं की या उमेदवाराला काम कुठे अडतं ते माहीत आहे.

वारसनोंद ही तिसरी गोष्ट. पीएफ, ग्रॅच्युइटी आणि ईएसआयसी या तिन्हींच्या नोंदी वेगवेगळ्या असतात. ‘नंतर भरू’ म्हणून राहिलेली वारसनोंद एखाद्या घराला कमावता माणूस गेल्यावर महागात पडते.

एक सावधगिरीही सांगावी. मूळ प्रमाणपत्रं कंपनीने ठेवून घ्यायची नाहीत. बघायची, झेरॉक्स घ्यायची, लगेच परत द्यायची. ‘आमच्याकडे ओरिजिनल जमा करून घेतात, तुम्ही काय कराल?’ असा प्रश्न आला तर उत्तर हेच.

कागद झाले की मग माणूस. पहिल्या दिवशी पाळी, सुट्टीचा वार, जेवणाची वेळ, तक्रार कुणाकडे करायची आणि लैंगिक छळाची तक्रार घेणाऱ्या अंतर्गत समितीवर कोण आहे, हे सांगायचं. आठवड्याने एकदा आणि महिन्याने एकदा पाच मिनिटं बसून विचारायचं. पहिली स्लिप हातात पडल्यावर मुद्दाम विचारायचं, कारण पगाराच्या शंका तेव्हाच निघतात.

सुट्ट्यांचा मुद्दाही इथेच येतो. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला आठ भरपगारी सणाच्या सुट्ट्या आहेत. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या चार ठरलेल्या. उरलेल्या चार मालक आणि कामगारांनी वर्ष सुरू होण्याआधी आपसात ठरवायच्या असतात. ईदची सुट्टी मिळत नाही अशी तक्रार आपल्याकडे दरवर्षी ऐकू येते, पण यादी डिसेंबरमध्ये ठरते तेव्हा कोणी बोललेलं नसतं. एचआरच्या खुर्चीत बसलेल्या माणसाने ही यादी डिसेंबरमध्येच सर्वांसमोर ठेवायची असते. रमजान ईद चंद्रदर्शनावर असल्याने तारीख एका दिवसाने सरकू शकते, हेही त्या यादीखाली लिहून ठेवायचं.

तक्रार आली तर

आता उदाहरणातली तक्रार. मुलगी येते आणि सांगते, ‘दिवाळीच्या महिन्यात मी १२ दिवस रोज दोन तास जास्त थांबले. स्लिपवर ओव्हरटाइम शून्य आहे.’

बहुतेक उमेदवार उत्तर देतात, ‘मी दोघांना समोरासमोर बसवून समजूत काढेन.’ अनुभवी मुलाखतकार इथे गुण कापतो. सुपरवायझरसमोर बसवल्यावर ती मुलगी गप्प होणार, आणि प्रश्न मिटला असं कागदावर दिसणार. मिटलेलं काहीच नसतं.

बरोबर क्रम असा. आधी एकटीचं पूर्ण ऐकायचं. तिच्याच शब्दांत लिहून घ्यायचं, तारखा टाकायच्या, तिची सही घ्यायची आणि एक प्रत पोचीसह तिला द्यायची. मग माणसांना विचारण्याआधी नोंदी बघायच्या. गेटवरची बोटाची हजेरी काय सांगते? त्या १२ संध्याकाळी माल किती निघाला? ओव्हरटाइमच्या रजिस्टरमध्ये काय आहे? त्यानंतर सुपरवायझरला वेगळं विचारायचं.

समजा हजेरीत १२ दिवस दोन-दोन तास जास्त दिसतात, पण रजिस्टर कोरं आहे. सुपरवायझर म्हणतो, ‘मी थांबायला सांगितलंच नव्हतं.’ आता काय? इथेच खरी परीक्षा आहे. त्या संध्याकाळच्या मालाच्या नोंदी दाखवतात की पॅकिंग चालू होतं. काम घेतलं गेलं आहे. मंजुरीची सही राहिली, हा कंपनीच्या आतला दोष आहे आणि त्याची किंमत कामगाराने मोजायची नाही. पैसे द्यावे लागतील. ओव्हरटाइमचा दर नेहमीच्या दुप्पट. दिवसाचे ५६० भागिले आठ म्हणजे तासाला ७०, दुप्पट १४०. २४ तासांचे ३,३६० रुपये. पुढच्या पगारात, म्हणजे पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत, वेगळ्या ओळीत दाखवून द्यायचे. आणि निर्णय तिला लेखी कळवायचा.

हे झाल्यावरही काम संपत नाही. महिनाभराने बघायचं की तिची पाळी अचानक बदलली का, सुट्टी नाकारली जाते का. तक्रार केल्याचा राग असाच निघतो. तो हजेरीपत्रकात दिसतो, तोंडी कोणी सांगत नाही.

मोठी चौकटही माहीत हवी. २० किंवा जास्त कामगार असतील तिथे तक्रार निवारण समिती लागते. जास्तीत जास्त दहा सदस्य, मालकाचे आणि कामगारांचे सारखे. कामगार कारण घडल्यापासून एका वर्षात समितीकडे जाऊ शकतो, आणि समितीने ३० दिवसांत काम पुरं करायचं असतं. तिथे समाधान झालं नाही तर पुढे युनियनमार्फत समेट अधिकाऱ्याकडे जाण्याची वाट आहे. त्यासाठी ६० दिवसांची मुदत असते.

एक तक्रार मात्र या रांगेत घ्यायचीच नाही. लैंगिक छळाची. तिचा निवाडा एचआर करत नाही, अंतर्गत समिती करते. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी ही समिती हवी, तिची अध्यक्ष वरिष्ठ महिला हवी आणि एक सदस्य बाहेरचा हवा. तक्रार तीन महिन्यांच्या आत करायची असते, कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. ‘मी आधी माझ्या पातळीवर चौकशी करेन’ असं उत्तर दिलंत तर ते चुकीचं आहे, कितीही चांगल्या मनाने दिलेलं असो. तुम्ही त्या मुलीला समितीपर्यंत पोचवायचं, लिहायला जमत नसेल तर लिहून देण्याची मदत होईल हे बघायचं, आणि बाहेर बोलायचं नाही.

आपल्या मुलांना मुलाखतीत एक प्रश्न कधी कधी मुद्दाम विचारतात. ‘एक कर्मचारी शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजला जातो. सुपरवायझरची तक्रार आहे की काम अडतं. तुम्ही काय कराल?’ अनेक जण इथे बिचकतात. एक तर फार बाजू घेतात, नाही तर आपण निःपक्ष आहोत हे दाखवायला त्या कर्मचाऱ्यावर कडक होतात. दोन्हीची गरज नाही. ही इतर तक्रारींसारखीच तक्रार आहे. आधी नोंद बघायची: तो किती वाजता जातो, किती वाजता येतो, त्या वेळात काय काम अडलं. राज्याच्या कायद्यात सलग काही तासांच्या कामानंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती आहे. शुक्रवारी त्याची जेवणाची सुट्टी त्या वेळेला जुळवता येते का, जास्त लागलेली मिनिटं आधी किंवा नंतर भरून घेता येतात का, त्या वेळी जागेवर कोण उभा राहील, हे तिघांनी बसून ठरवायचं आणि लिहून ठेवायचं. मंगळवारी डायलिसिसला आईला घेऊन जाणाऱ्या माणसासाठी तुम्ही जे केलं असतं, तेच इथे करायचं. असं शांतपणे सांगितलं की प्रश्नातली धार जाते.

जाणाऱ्या माणसाशी बोलताना

मुलीने राजीनामा दिला. कारणाच्या जागी लिहिलं, ‘घरगुती अडचण.’ शेवटचा दिवस ३१ तारीख, शनिवार.

एक्झिट इंटरव्ह्यूबद्दल पहिली गोष्ट, तो कधी आणि कुणी घ्यायचा. राजीनाम्याच्या दिवशी नाही, तेव्हा राग किंवा संकोच ताजा असतो. ज्याच्या हाताखाली ती काम करत होती त्याने तर मुळीच घ्यायचा नाही. शेवटच्या दोन-तीन दिवसांत, एचआरने, वेगळ्या खोलीत. आणि बसल्या बसल्या पहिलं वाक्य पैशाचं असावं: ‘तुमचा हिशेब असा आहे, अमुक तारखेला खात्यात येईल, तुम्ही इथे काय बोलता त्याच्याशी त्याचा संबंध नाही.’ पैसे अडकतील ही भीती असेपर्यंत कोणी खरं बोलत नाही.

तो हिशेब आता लवकर द्यावा लागतो. पूर्वी बऱ्याच ठिकाणी ‘फुल अँड फायनल’ला महिना-दीड महिना सहज लावायचे. वेतन संहितेनुसार माणूस सोडून गेला किंवा काढला गेला, तरी त्याचं वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचं आहे. शेवटचा दिवस शनिवार, रविवार सुट्टी, म्हणून सोमवार आणि मंगळवार. मंगळवारी संध्याकाळपर्यंत पैसे खात्यात हवेत. महिन्याचे १९,००० त्यात आले. ओव्हरटाइमची तक्रार तेव्हा निकाली काढली नसेल तर ते ३,३६० पुन्हा इथे उभे राहतात, आणि आता घाईत शोधाशोध करावी लागते. शिल्लक रजेचे पैसे, आणि नोटिशीचे दिवस पूर्ण झाले का, हेही याच कागदावर येतं. पीएफच्या पोर्टलवर नोकरी सोडल्याची तारीख टाकायची राहिली, तर तिचे पुढचे व्यवहार अडतात. तेही त्याच आठवड्यात करायचं.

मुलाखतीत इथे एक अवघड प्रश्न येतो. ‘मालक म्हणाले, तिने तक्रार केली होती, सेटलमेंट दोन महिने लोंबकळत ठेवा. काय कराल?’ ‘साहेब सांगतील तसं’ हे उत्तर कंपनीलाही नको असतं, कारण दंड आणि वाद शेवटी कंपनीच्याच गळ्यात येतो. उत्तर असं देता येतं: ‘मी साहेबांना मुदत दोन दिवसांची आहे हे लेखी कळवेन. काही वसुली असेल तर तिचा आकडा आणि आधार मागेन. आधार नसेल तर रक्कम थांबवण्याच्या कागदावर माझी शिफारस असणार नाही.’ घामाची मजुरी अडवायची नाही हे आपण घरात लहानपणापासून ऐकलेलं असतं. इथे तेच तारखेच्या आणि आकड्याच्या भाषेत सांगायचं आहे.

आता बोलणं. ‘का सोडताय?’ असं थेट विचारलं तर ‘घरगुती अडचण’ हेच परत ऐकायला मिळतं. त्याऐवजी दिवसाबद्दल विचारायचं. शेवटची पाळी किती वाजता सुटायची? घरी कसं जात होता? कोणत्या महिन्यात पहिल्यांदा वाटलं की सोडावं? कोणती एक गोष्ट बदलली असती तर थांबला असता? समजा उत्तर येतं, ‘रात्री साडेनऊला सुटल्यावर नाक्यापर्यंत रिक्षा नसते. अब्बू रोज घ्यायला यायचे. ते आजारी पडले.’ आता घरगुती अडचण खरीच होती, पण तिचं मूळ कंपनीच्या पाळीत आणि नसलेल्या गाडीत आहे. नव्या संहितेत संध्याकाळी सातनंतर महिलेला कामावर ठेवायचं तर तिची संमती आणि सुरक्षेची व्यवस्था दोन्ही लागतात. म्हणजे हा फक्त एका मुलीच्या घराचा प्रश्न राहत नाही.

ऐकताना वाद घालायचा नाही, सुपरवायझरची बाजू मांडायची नाही, आणि ‘थांबा, पगार वाढवून देऊ’ असं आपल्या अधिकारात नसलेलं आश्वासन द्यायचं नाही. ‘हे कुणालाही सांगणार नाही’ असंही म्हणायचं नाही. तिने छळाबद्दल काही सांगितलं तर तुम्हाला ती गोष्ट समितीकडे न्यावी लागेल, हे आधीच सांगून ठेवायचं. नोकरी सोडली म्हणून तिचा तक्रारीचा हक्क संपत नाही, हेही.

आणि त्या कागदाचं पुढे काय? बहुतेक ठिकाणी तो फाइलमध्ये जातो आणि तिथेच राहतो. चांगला उमेदवार सांगतो की मी तीन महिन्यांचे असे कागद एकत्र काढून विभागवार लावेन. पॅकिंगमधून सहा महिन्यांत चार मुली गेल्या आणि चौघींच्या कारणात दुसऱ्या पाळीची वेळ आली, तर व्यवस्थापनासमोर नावं न देता तेवढंच मांडेन, सोबत गाडीचा महिन्याचा खर्च आणि चार नव्या मुली शिकवण्याचा खर्च शेजारी ठेवून. निर्णय तिथे होतो, समजूत घालण्याने नाही. अर्थात एका माणसाच्या बोलण्यावरून सुपरवायझरला दोषी ठरवता येत नाही, हेही सांगायला विसरू नये.

आदल्या दिवशी

मुलाखतीच्या आदल्या संध्याकाळी नवं काही वाचू नका. एक कोरा कागद घ्या. त्यावर घरातल्याच कुणाची तरी पगाराची स्लिप समोर ठेवून वेतन किती, पीएफ किती, ईएसआयसी लागते का, तासाचा ओव्हरटाइम किती, आज राजीनामा दिला तर कोणत्या तारखेपर्यंत पैसे यायला हवेत, एवढं काढा. भाऊ गॅरेजमध्ये असेल, खाला शाळेत असतील, शेजारी कंपनीत असतील, कुणाचीही चालेल. हा कागद काढताना ज्या ठिकाणी तुम्ही थांबाल, तेच उद्या विचारलं जाण्याची शक्यता सगळ्यात जास्त. आणि त्या स्लिपवर काही चुकीचं कापलेलं सापडलं, तर ज्याची स्लिप आहे त्यालाही तेवढं जरूर सांगा.